आधी फायबरचा डबा, मग राउटर

पुण्यात गुरुवार हा महावितरणच्या देखभाल-दुरुस्तीचा वार. सकाळी लाइट जाते, दुपारी कधीतरी येते. पंखे फिरू लागतात, फ्रीज गुरगुरतो, राउटरचे दिवे लागतात. मोबाइलवर वायफायच्या सगळ्या रेघा भरलेल्या दिसतात आणि तरीही एक साधं पान उघडत नाही. मग घरातलं कोणीतरी उठून दिसेल तो प्लग काढतं, परत लावतं. कधी नेट येतं, कधी येत नाही. आलं तर कशामुळे आलं, हे काही कळत नाही.

वायफायच्या रेघा फक्त मोबाइल आणि राउटर यांच्यातलं सिग्नलचं बळ सांगतात. राउटरच्या पलीकडे इंटरनेट आहे की नाही, हे त्यांच्यावरून ओळखता येत नाही. म्हणून नेट बंद पडलं, की मोबाइलकडे नव्हे, तर बाहेरून येणारी वायर ज्या डब्यात शिरते त्या डब्याकडे आधी पाहायला हवं.

कोथरूडमधल्या एखाद्या टू-बीएचके फ्लॅटचं उदाहरण घेऊ. दाराशी एक छोटा पांढरा डबा आहे, त्यात काचेच्या तंतूची बारीक वायर येते. तंत्रज्ञ त्याला ओएनटी म्हणतात, घरातले ‘मॉडेम’ म्हणतात. त्यातून एक लॅनची वायर निघून बेडरूममधल्या राउटरला जाते. स्वयंपाकघराकडे सिग्नल पोचत नाही म्हणून मधे एक एक्स्टेंडर लावलेला आहे. मग टीव्ही, लॅपटॉप, प्रिंटर आणि चार मोबाइल. यातलं प्रत्येक यंत्र आपल्या आधीच्या यंत्राकडून काहीतरी मागून घेतं. ओएनटी कंपनीच्या केंद्राकडून बोलण्याची परवानगी घेतो, राउटर ओएनटीमार्फत बाहेरचा पत्ता मागतो आणि घरातली उपकरणं राउटरकडे घरातला पत्ता मागतात. ज्याच्याकडे मागायचं तोच अजून उठलेला नसेल, तर मागणी वाया जाते. क्रमाचं सगळं कारण एवढंच आहे.

यातला सर्वांत सावकाश उठणारा गडी म्हणजे ओएनटी. वीज मिळाली की आधी त्याच्या आतला छोटा संगणक सुरू होतो, पण त्यानंतरही तो लगेच बोलू शकत नाही. केंद्रातून निघालेला एकच तंतू वाटेत विभागून ३२ किंवा ६४ घरांना दिलेला असतो. केंद्राकडे जाताना या सगळ्या घरांचा प्रकाश त्याच तंतूत शिरतो, म्हणून प्रत्येकाला बोलण्यासाठी क्षणाचा एक ठरावीक तुकडा नेमून दिलेला असतो. नव्याने जागा झालेला ओएनटी आधी आपला अनुक्रमांक कळवतो. मग प्रकाशाला जायला-यायला किती वेळ लागतो यावरून केंद्र त्याचं अंतर मोजतं आणि त्याची वेळ ठरवून देतं. हे चालू असताना डब्यावरचा ‘पॉन’ नावाचा दिवा लुकलुकत असतो. काम झालं की तो स्थिर हिरवा होतो.

सगळ्या भागाची लाइट एकदम आली, तर त्या तंतूवरचे बरेच ओएनटी एकाच वेळी आपला अनुक्रमांक ओरडू लागतात. दोघांचे आवाज एकमेकांत मिसळले, की दोघांनाही थोडं थांबून पुन्हा प्रयत्न करावा लागतो. एरवी मिनिटा-दोन मिनिटांत होणाऱ्या कामाला अशा दिवशी जास्त वेळ लागू शकतो. त्या काळात घाईने प्लग काढला, तर ओएनटीची सगळी तयारी पुन्हा पहिल्यापासून.

आता क्रम. लाइट आल्याबरोबर काहीच चालू करू नये, कारण पहिल्या काही मिनिटांत ती पुन्हा झटका देऊन जाते, हा सगळ्यांच्या ओळखीचा अनुभव. लाइट गेली तेव्हाच ओएनटी, राउटर आणि एक्स्टेंडर यांची बटणं बंद करून ठेवलेली बरी. वीज स्थिर झाल्यावर फक्त ओएनटी चालू करायचा आणि ‘पॉन’ स्थिर होईपर्यंत त्याच्याकडे नुसतं पाहायचं. शेजारचा ‘लॉस’ दिवा लाल दिसत असेल, तर केंद्राकडून प्रकाशच येत नाही. वायर तुटली असेल, कनेक्टर निसटला असेल किंवा केंद्राचीच वीज गेली असेल. अशा वेळी राउटर शंभर वेळा बंद-चालू केला तरी उपयोग नाही.

‘पॉन’ स्थिर झाला, की राउटर. त्यालाही उठायला मिनिट-दोन मिनिटं द्यायची आणि त्याचा इंटरनेटचा दिवा हिरवा होण्याची वाट पाहायची. मग एक्स्टेंडर, कारण त्याला आधी राउटरचं वायफाय सापडावं लागतं. टीव्ही, प्रिंटर, लॅपटॉप सगळ्यात शेवटी. कोथरूडच्या त्या घरात हे सगळं आठ-दहा मिनिटांत आटोपतं. ज्यांच्याकडे ओएनटी आणि राउटर एकाच डब्यात आहेत त्यांची मधली पायरी वाचते, बाकी क्रम तोच.

खरं सांगायचं, तर हल्लीचे बहुतेक राउटर उत्तर मिळेपर्यंत पुन्हा पुन्हा विचारत राहतात. सगळं एकदम चालू झालं तरी पाच-सात मिनिटांत पुष्कळदा आपोआप जमतं. त्यामुळे पहिला उपाय म्हणजे तेवढा वेळ हात न लावणं. क्रमाने चालू करण्याची पाळी त्यानंतरही नेट आलं नाही तर येते.

गंमत अशी, की तीन तास गेलेल्या लाइटपेक्षा दहा सेकंदांसाठी लुकलुकून आलेली लाइट जास्त घोटाळा करते. बीएसएनएलच्या फायबरवर आणि अनेक स्थानिक केबलवाल्यांच्या जोडणीवर राउटर युजरनेम आणि पासवर्ड देऊन आत शिरतो. या पद्धतीला पीपीपीओई म्हणतात. एरवी बाहेर पडताना राउटर केंद्राला तसं कळवतो, पण वीज अचानक गेली की निरोप द्यायला वेळच मिळत नाही. केंद्राच्या दप्तरी तो ग्राहक अजून आतच असतो. राउटर लगेच परत आला आणि एका खात्यावर एकाच प्रवेशाची मुभा असली, तर केंद्र त्याला दारातच अडवतं. राउटरच्या पानावर मात्र ‘ओळख पटली नाही’ अशा अर्थाचा संदेश दिसतो आणि माणसाला वाटतं, पासवर्ड चुकला. तो चुकलेला नसतो. राउटर पाच-दहा मिनिटं बंद ठेवला, की केंद्र जुनी नोंद आपणच काढून टाकतं आणि मग तोच पासवर्ड चालतो. तीन तास लाइट गेलेली असताना ती नोंद कधीच पुसली गेलेली असते, म्हणून तेव्हा ही अडचण येत नाही.

आता उपकरणांकडे. राउटरवर इंटरनेटचा दिवा हिरवा आहे आणि एकाच लॅपटॉपवर नेट नाही, अशी वेळ येते. विंडोजच्या लॅपटॉपला राउटरकडून पत्ता मिळाला नाही, की तो स्वतःच 169.254 ने सुरू होणारा एक पत्ता घेऊन बसतो. त्या पत्त्यावरून इंटरनेटवर जाता येत नाही. थोड्या थोड्या वेळाने तो राउटरला पुन्हा विचारतो खरा, पण थांबायचं नसेल तर कमांड प्रॉम्प्टमध्ये हे दोन आदेश द्यावेत:

```
ipconfig /release
ipconfig /renew
```

यानंतर 192.168 किंवा 10 ने सुरू होणारा पत्ता दिसला, की राउटरशी बोलणं झालं असं समजावं. मोबाइलची तऱ्हा वेगळी. वायफायवर नेट नाही हे एकदा कळलं, की अनेक मोबाइल गुपचूप मोबाइल डेटावर सरकतात आणि राउटर सुधारला तरी परत यायला वेळ लावतात. वायफाय बंद करून पुन्हा चालू करणं एवढंच तिथे पुरतं. प्रिंटर सापडत नसेल, तर बहुधा राउटरने त्याला नवा पत्ता दिलेला असतो आणि लॅपटॉप जुन्याच पत्त्यावर कागद पाठवत असतो. राउटरच्या पानावर प्रिंटरसाठी एक पत्ता कायमचा राखून ठेवता येतो.

राउटरसाठी मिळणारा छोटा यूपीएस पुष्कळ घरांत आता दिसतो. तो घेतल्यावर होणारी नेहमीची चूक म्हणजे फक्त राउटर त्यावर जोडणं. लाइट गेली की राउटर चालू राहतो आणि ओएनटी बंद पडतो. वायफायच्या रेघा भरलेल्या, नेट शून्य. दोन्ही डबे एकाच यूपीएसवर हवेत, आणि त्याआधी दोन्हींच्या अ‍ॅडॉप्टरवरचे व्होल्ट पाहायला हवेत. बहुतेकांवर १२ व्होल्ट लिहिलेलं असतं, पण सगळ्यांवर नाही. जुन्या पद्धतीच्या केबलवाल्याचा एखादा स्विच सोसायटीच्या जिन्यात किंवा गच्चीवर बसवलेला असतो. त्याला बॅकअप नसेल, तर घरातल्या इन्व्हर्टरचा नेटला काही उपयोग नाही. लाइट आल्यावरही आधी तो स्विच चालू झालाय का, हे पाहावं लागतं. कित्येकदा त्याचा ट्रिप झालेला एमसीबी वर करणं एवढंच काम असतं.

एक गोष्ट मात्र करू नये. राउटरच्या मागे बारीक छिद्रात रिसेटचं बटण असतं. ते पिनेने काही सेकंद दाबून धरलं, की राउटर बंद-चालू होत नाही, तर कारखान्यातून आला तसा कोरा होतो. पीपीपीओईचं युजरनेम-पासवर्ड, वायफायचं नाव, केबलवाल्याने भरलेल्या बाकीच्या सेटिंग्ज, सगळं जातं. दहा मिनिटांत आलं असतं ते नेट मग केबलवाल्याचा माणूस घरी येईपर्यंत थांबतं. हे युजरनेम-पासवर्ड कागदावर लिहून डब्याच्या खाली चिकटवून ठेवलेलं कधीही चांगलं.

एवढं सगळं करूनही नेट आलं नाही, तर तक्रार करताना ‘नेट चालत नाही’ एवढंच सांगू नये. ‘पॉन’ स्थिर आहे की लुकलुकतोय, ‘लॉस’ लाल आहे का, राउटरवर इंटरनेटचा दिवा आहे का, हे तीन डोळ्यांनी पाहून सांगावं. वीज जाताना बहुतेक ओएनटी शेवटच्या क्षणी केंद्राला ‘माझी वीज चाललीय’ असा इशारा पाठवतात. त्यामुळे या घराची लाइट गेली की वायर तुटली, हे केंद्रातल्या माणसाला पडद्यावर वेगळं दिसू शकतं. त्यात ‘लॉस’ लाल आहे हे ग्राहकाने पहिल्याच वाक्यात सांगितलं, तर ‘राउटर बंद करून चालू करा’ हा सल्ला ऐकत बसावं लागत नाही, थेट वायर तपासणारा माणूस पाठवा असं म्हणता येतं.