यूट्यूब चॅनेलवर आधीच भरून ठेवलेले रकाने

यूट्यूबवर व्हिडिओ चढवताना समोर येणारा फॉर्म कोरा नसतो. तो कोणाला दिसावा, कोणत्या परवान्याखाली जावा आणि कोणत्या वर्गात मोडावा, हे रकाने आधीच भरलेले असतात. चॅनेलच्या मालकाने किंवा व्यवस्थापकाने कधी तरी ठरवून ठेवलेली मूल्ये तिथे येऊन बसतात. अपलोड करणाऱ्याने ती बदलली नाहीत, तर तीच त्या व्हिडिओला लागू होतात. ही मूल्ये चॅनेलला जोडलेली असतात, माणसाला नव्हे. त्यामुळे एका व्यवस्थापकाने केलेला बदल पुढे दुसऱ्याने चढवलेल्या व्हिडिओलाही लागतो.

ही सोय संगणकावर studio.youtube.com येथे सापडते. डाव्या बाजूला तळाशी असलेल्या Settings वर जाऊन Upload defaults उघडले की दोन भाग दिसतात. Basic info या भागात शीर्षक, वर्णन आणि टॅग यांच्याबरोबर Visibility म्हणजे दृश्यता असते. License आणि Category हे रकाने Advanced settings या दुसऱ्या भागात असतात. पहिला भाग उघडताच समोर येतो आणि दुसऱ्यासाठी वेगळे क्लिक करावे लागते. त्यामुळे तपासणी बहुतेक वेळा दृश्यतेपाशीच थांबते.

अपलोडच्या फॉर्ममध्येही तोच फरक आहे. दृश्यतेचा प्रश्न शेवटच्या पायरीवर स्वतंत्र पानावर येतो, त्यामुळे तो नजरेतून सहसा सुटत नाही. परवाना आणि वर्ग मात्र पहिल्या पानाच्या तळाशी Show more वर क्लिक केल्याशिवाय दिसतच नाहीत. चुकीचा परवाना अनेक व्हिडिओंना लागून गेला तरी कोणाच्या लक्षात येत नाही, याचे कारण हेच.

एका शाळेचे उदाहरण घेऊ. 2020 च्या टाळेबंदीत एका शिक्षकांनी शाळेच्या चॅनेलवर गणिताचे तास चढवायला सुरुवात केली. दुव्याशिवाय कोणाला दिसू नयेत म्हणून त्यांनी दृश्यता Unlisted ठेवली. इतर शाळांनाही वापरता यावेत म्हणून परवाना Creative Commons निवडला आणि वर्ग Education दिला. त्या कामासाठी तिन्ही निर्णय योग्य होते. पुढे काही वर्षांनी दुसऱ्या शिक्षिकेने त्याच चॅनेलवर स्नेहसंमेलनातील नाच-गाण्यांचे चित्रीकरण चढवले. गणितासाठी ठरवलेली तीन मूल्ये या व्हिडिओंनाही लागली.

दृश्यतेचा परिणाम पहिल्यांदा कळला. पालक चॅनेलवर गेले तर व्हिडिओ यादीत नव्हते आणि शोधूनही सापडत नव्हते. Unlisted व्हिडिओ दुवा असलेल्या कोणालाही पाहता येतो आणि पुढे पाठवता येतो, पण तो चॅनेलच्या यादीत येत नाही. Private व्हिडिओ फक्त ईमेलने नेमून दिलेल्यांनाच दिसतो, तर Public सर्वांना. इथली दुरुस्ती सोपी असते. मूल्य बदलले की व्हिडिओ यादीत येतो. उलट दिशेची चूक मात्र अशी भरून निघत नाही. जे Public झाले ते पुन्हा Private केले, तरी मधल्या काळात ते पाहिले गेलेले किंवा उतरवून घेतलेले असू शकते.

परवान्याचा प्रश्न याहून गंभीर आहे. यूट्यूबवर दोनच पर्याय आहेत. पहिला यूट्यूबचा प्रमाण परवाना, ज्यात हक्क चढवणाऱ्याकडेच राहतात. दुसरा क्रिएटिव्ह कॉमन्सचा श्रेयनिर्देश परवाना, ज्याला सीसी बाय म्हणतात. तो देणारा जगातल्या कोणालाही सांगतो की माझे नाव द्या आणि हा व्हिडिओ कापा, जोडा, नव्याने प्रसिद्ध करा, त्यातून पैसेही मिळवा. हा परवाना मागे घेता येत नाही. नंतर रकान्यात प्रमाण परवाना निवडला, तरी ज्यांनी आधी सीसी बायखाली तो व्हिडिओ घेतला त्यांचा हक्क कायम राहतो. बदलाचा परिणाम फक्त पुढच्यांवर होतो.

जी गोष्ट आपली नाही तिचा परवाना देण्याचा अधिकारही आपल्याला नसतो. स्नेहसंमेलनात चित्रपटगीत वाजले असेल, तर त्या गाण्यावर शाळेचा हक्क नाही. त्यामुळे त्या भागापुरता दिलेला परवाना पोकळ ठरतो आणि त्यावर विसंबून तो वापरणाराही अडचणीत येऊ शकतो. व्हिडिओवर कॉपीराइटचा स्वयंचलित दावा, म्हणजे कंटेंट आयडीचा दावा, असल्यास यूट्यूब हा परवाना निवडूच देत नाही. पण दावा आला नाही म्हणजे हक्क आपला, असा त्याचा अर्थ होत नाही.

परवाना कोणता आहे हे बाहेरूनही पाहता येते. प्रेक्षक म्हणून व्हिडिओ उघडून वर्णन पूर्ण उलगडले की सीसी बाय असल्यास तळाशी तशी ओळ दिसते. प्रमाण परवाना असल्यास तशी ओळ नसते. यूट्यूबच्या शोधात क्रिएटिव्ह कॉमन्सची चाळणीही आहे. पुन्हा वापरण्याजोगे चित्रण शोधणारे लोक तीच लावतात, त्यामुळे चुकून असा परवाना लागलेला व्हिडिओ नेमका त्यांच्या हाती पडतो.

वर्गाची चूक या तिन्हींत सर्वात सौम्य. Music, Education, News & Politics अशा ठरावीक वर्गांतून एक निवडायचा असतो. काहीच न ठरवलेल्या चॅनेलवर बहुधा People & Blogs आढळतो. व्हिडिओचा विषय काय, हे यूट्यूबला सांगणारी ती एक खूण आहे. चुकल्यास ती केव्हाही बदलता येते आणि मागे काही उरत नाही.

म्हणून रकाने ठरवताना एक कसोटी उपयोगी पडते. चूक झाली तर जी भरून काढता येईल, ती मूल्ये आधीच भरून ठेवावीत. दृश्यता Private ठेवली तर प्रत्येक व्हिडिओ जाणीवपूर्वक खुला करावा लागतो. परवाना Standard YouTube License ठेवला तर सीसी बाय ज्याला द्यायचा त्यालाच वेगळा देता येतो. वर्ग चॅनेलवर सर्वाधिक येणाऱ्या विषयाचा ठेवावा. बदल केल्यावर Save दाबावे लागते, नाही तर जुनीच मूल्ये राहतात.

या बदलाला दोन मर्यादा आहेत. एक म्हणजे तो आधीच चढवलेल्या व्हिडिओंना लागत नाही. त्यांच्यासाठी Content या यादीत व्हिडिओंवर खुणा करून Edit मधून परवाना, वर्ग किंवा दृश्यता एकदम बदलावी लागते. दुसरी म्हणजे ही मूल्ये संगणकाच्या ब्राउझरमधून चढवलेल्या व्हिडिओंनाच लागतात, मोबाइल ॲपमधून चढवलेल्यांना नाही. मोबाइलवरून गेलेला एखादा व्हिडिओ पाहून सारे ठीक आहे असे मानले, तर तपासणी अपुरी राहते.

खात्री करण्यासाठी ब्राउझरमधूनच काही सेकंदांचा व्हिडिओ चढवावा. एका खात्यावर अनेक चॅनेल असतील, तर आधी योग्य चॅनेल उघडले आहे ना ते पाहावे. पहिल्या पानावर Show more उघडून परवाना आणि वर्ग वाचावेत, शेवटच्या पायरीवर दृश्यतेपुढे कोणती खूण आहे ते पाहावे आणि प्रसिद्ध न करता तो व्हिडिओ काढून टाकावा. चॅनेलचा व्यवस्थापक बदलला किंवा चॅनेलवर नव्या प्रकारचे साहित्य येऊ लागले, की पहिला खरा व्हिडिओ चढवण्यापूर्वी हीच चाचणी पुन्हा करावी.