पुरुषाची छाती का वाढते?

मुलग्याच्या छातीतूनही दूध येतं, आणि तेही जन्मल्यावर अवघ्या काही दिवसांत! पोटात असताना आईचं इस्ट्रोजेन वारेतून बाळाकडे पोचलेलं असतं. त्यामुळे मुलगा असो की मुलगी, निम्म्याहून जास्त बाळांची छाती थोडी फुगलेली दिसते, क्वचित पांढरा थेंबही येतो. काही आठवड्यांत ती आपोआप बसते. नामपूरसारख्या गावात बाळाला न्हाऊ-माखू घालायला येणाऱ्या बाईला हे पक्कं माहीत असतं. पण मालिश करताना ते दूध पिळून काढायची जी रीत आहे, ती सोडायलाच हवी. पिळल्याने जंतू आत शिरतात, पू होतो आणि एवढ्याशा जिवाला चिरा द्यावा लागतो.

आठवीतलं गुपित

दुसरी वेळ येते तेरा-चौदाव्या वर्षी. निम्म्याच्या आसपास मुलांना स्तनाग्राखाली बटणासारखी चकती लागते, शर्ट घासला तरी दुखते. पुरुषाच्या शरीरातही थोडं इस्ट्रोजेन असतंच. टेस्टोस्टेरॉन त्याला दाबून ठेवतं. वयात येताना हा तोल काही काळ ढळतो. पोरगं विहिरीवर पोहायला जायचं टाळतं, घरात कुणाला सांगत नाही. बहुतेकांची चकती वर्ष-दोन वर्षांत विरते, हे त्याला कुणीतरी वेळेवर सांगायला हवं.

ताकदीचं इंजेक्शन, उलटा परिणाम

जिममध्ये मिळणारी टेस्टोस्टेरॉनची इंजेक्शनं घेतली की छाती पिळदार होईल, असं वाटतं. पण शरीरात, विशेषतः चरबीत, अरोमाटेज नावाचं विकर असतं आणि ते जास्तीच्या टेस्टोस्टेरॉनचं इस्ट्रोजेन करून टाकतं. इंजेक्शन बंद केलं तरी सुटका नाही, कारण तोवर वृषणांनी स्वतःचं काम थांबवलेलं असतं.

दुसऱ्या महायुद्धातल्या सुटलेल्या कैद्यांचंही असंच काहीसं झालं. छावणीत उपासमार होती तोवर त्यांच्या छातीला काही झालं नाही. घरी पोटभर जेवण सुरू झाल्यावर ती वाढली! उपासमारीने थंडावलेले हार्मोन पुन्हा जागे झाले, जणू दुसऱ्यांदा वयात येणं.

गोळी पोटासाठी, गाठ छातीत

सगळ्यात जास्त लक्ष द्यावं ते इथे. समजा, पंचावन्न वर्षांचा शेतकरी आहे. दारूने यकृत खराब झालंय, पोटात पाणी भरलंय. डॉक्टर स्पायरोनोलॅक्टोन १०० मिलिग्रॅम आणि फ्युरोसेमाइड ४० मिलिग्रॅम देतात. पोट उतरतं, पण तीन महिन्यांनी डावी छाती दुखू लागते, मग उजवीही. बिघडलेल्या यकृतामुळे इस्ट्रोजेनचं पारडं आधीच जड, त्यात स्पायरोनोलॅक्टोन टेस्टोस्टेरॉनला त्याच्या जागी बसूच देत नाही. हृदयरोग्यांवरच्या १९९९च्या एका मोठ्या अभ्यासात, याहून बऱ्याच कमी मात्रेतसुद्धा, ही गोळी घेणाऱ्या शंभरातल्या दहा पुरुषांना हा त्रास झाला. नुसती दिखाऊ गोळी घेणाऱ्यांत शंभरात एकालाच.

म्हणून ती स्वतःच्या मनाने बंद मात्र करू नये, पोटात पुन्हा पाणी भरतं. डॉक्टर मात्रा कमी करतात किंवा एप्लेरेनोनसारखी दुसरी गोळी देतात. प्रोस्टेटवरची फिनास्टेराइड, बुरशीवरच्या केटोकोनॅझोलच्या गोळ्या, मानसिक आजारावरचं रिस्पेरिडोन यांच्यानेही असं होतं.

चरबी की ग्रंथी?

पाठीवर झोपायचं, अंगठा आणि तर्जनी छातीच्या दोन बाजूंना ठेवून हळूहळू स्तनाग्राकडे आणायची. मधोमध रबरासारखी गोल चकती बोटांत आली तर ग्रंथी वाढलेली आहे. बोटं काहीच न अडता स्तनाग्रापर्यंत पोचली तर बहुधा ती चरबी.

गाठ दगडासारखी टणक, एकाच बाजूला आणि स्तनाग्रापासून सरकलेली असेल, कातडी आत ओढली जात असेल, रक्त येत असेल किंवा काखेत गाठ लागत असेल, तर थांबू नका. स्तनाच्या कर्करोगाच्या शंभर रुग्णांत एखादाच पुरुष असतो, पण तो बऱ्याचदा उशिरा येतो, कारण पुरुषाला हा रोग होतो हेच त्याच्या गावी नसतं. वृषणात गाठ लागली तरी तसंच धावा. तिथल्या काही गाठी असे हार्मोन सोडतात की आधी छातीच वाढते. चांगला डॉक्टर म्हणूनच छाती पाहताना खालीही तपासतो, त्यात संकोच करू नये.

यातलं काही नसलं, तरी मोठ्या माणसाची छाती नव्याने वाढतेय, दुखतेय, तर महिनोन् महिने अंगावर काढू नका. वर्षभराने ग्रंथीत तंतू दाटतात, मग औषधांचा फारसा उपयोग होत नाही आणि शस्त्रक्रियाच उरते. गावातल्या दवाखान्यात किंवा सटाणा-मालेगावला जाताना चालू असलेल्या सगळ्या गोळ्यांची पाकिटं पिशवीत टाकून न्या, मेडिकलमधून चिठ्ठीशिवाय आणलेली आणि ताकदीची म्हणून घेतलेली पुडीसुद्धा.