बोलीची मर्यादा किती ठेवायची?

इन्स्टाग्राम चाळताना मधेच एखाद्या सोलापुरी चादरीची जाहिरात दिसते. ती दिसण्याआधी, पापणी लवायच्या आत, एक लिलाव होऊन गेलेला असतो. त्या जागेसाठी चादरवाला, शिकवणीवाला, विमा कंपनी असे कितीतरी जण बोली लावून बसलेले असतात. अर्थात बोली ते स्वतः लावत नाहीत, त्यांच्या वतीने यंत्रणा लावते. दुकानदार रोजचं बजेट ठरवतो आणि एवढ्यात जास्तीत जास्त ऑर्डर आण म्हणून सांगतो. बाकीचं मेटाच्या हाती. पण बजेट संपवणं हेच काम सांगितलेली यंत्रणा ते काहीही करून संपवते, मग शेवटच्या काही ऑर्डर कितीही महाग पडोत. म्हणून तिला मर्यादा घालून देण्याची सोय आहे, आणि ती दोन तऱ्हेची आहे.

वाशीच्या बाजारात आंब्याच्या पेट्या घ्यायला माणूस पाठवला आहे असं समजा. ‘सरासरी पेटी दोन हजाराच्या आसपास पडू दे,’ असं त्याला सांगितलं, तर तो काही पेट्या सतराशेला घेईल आणि त्या जोरावर काही तेवीसशेलाही उचलेल. ‘एकही पेटी दोन हजाराच्या वर घेऊ नकोस,’ असं सांगितलं, तर तेवीसशेच्या पेटीकडे तो बघणारही नाही. पहिली सूचना म्हणजे कॉस्ट कॅप. मेटाच्या पडद्यावर तिला सध्या `Cost per result goal` म्हणतात. दुसरी म्हणजे बिड कॅप. दोन्हींत एकच आकडा टाकायचा असतो, म्हणून बरेच जण त्या एकच समजतात. घोळ इथूनच सुरू होतो.

आकडा टाकण्याआधी आपल्याला एक ऑर्डर कितीला परवडते, ते माहीत हवं. एक कल्पित हिशेब मांडू. चादरींच्या एका जोडीतून कापड, पॅकिंग आणि कुरियर वजा जाता ४५० रुपये उरतात. मग ४५० पर्यंत जाहिरातीवर घालायला हरकत नाही? आहे. आपल्याकडे बऱ्याच ऑर्डर ‘कॅश ऑन डिलिव्हरी’च्या असतात आणि त्यातल्या काही दारातून परत येतात. शंभरातल्या वीस परत आल्या आणि दर परतीला कुरियरचे १५० रुपये बुडाले असं धरा. ८० ऑर्डरचे ३६,००० मिळाले, परतीचे ३,००० गेले, म्हणजे शंभर ऑर्डरमागे ३३,००० उरले. एका ऑर्डरला ३३० रुपये. त्यापुढचा प्रत्येक रुपया पदरचा. कॅपचा सगळा विचार या ३३० वर उभा आहे. तो ४५० धरून केला, तर पुढची सगळी हुशारी वाया जाते.

आता हाच दुकानदार मर्यादा न घालता एक आठवडा रोज ३,००० रुपये लावतो. २१,००० रुपयांत ८४ ऑर्डर येतात, सरासरी २५०. पुढच्या आठवड्यात तो रोजचे ४,००० करतो. २८,००० रुपयांत १०० ऑर्डर येतात, सरासरी २८०. अजूनही ३३० च्या आतच आहोत, म्हणून तो खूश. पण जादा घातलेल्या ७,००० रुपयांनी ऑर्डर आणल्या फक्त १६, म्हणजे त्या प्रत्येकी जवळजवळ ४३७ रुपयांना पडल्या. पहिल्या आठवड्याचा नफा ६,७२० रुपये होता, दुसऱ्याचा ५,०००. धंदा वाढला आणि नफा घटला, आणि सरासरीत ते दिसलंच नाही.

यावरून दोन्ही कॅपांचे आकडे वेगळे का हवेत ते कळतं. कॉस्ट कॅप ३३० ठेवला, तर यंत्रणा सरासरी ३३० होईपर्यंत महागड्या ऑर्डर घेत राहू शकते, आणि तिथे नफा शून्य असतो. म्हणून कॉस्ट कॅप ३३० च्या बराच खाली, प्रत्यक्ष पडलेल्या सरासरीच्या आसपास हवा. बिड कॅप मात्र ३३० च्या जवळच ठेवावा, कारण तो एकेका बोलीचं छत आहे. बऱ्याच जागा छतापेक्षा स्वस्तात मिळतात, त्यामुळे सरासरी आपोआप खाली राहते. आपल्याला हवी असलेली सरासरीच बिड कॅप म्हणून टाकणं ही माझ्या मते सगळ्यांत महागात पडणारी चूक आहे.

कारण लिलावात थेट रुपये लढत नाहीत. मेटा आपली बोली आणि समोरचा माणूस ऑर्डर देईल याचा अंदाज यांचा गुणाकार करते, आणि त्यात जाहिरातीच्या दर्जाचे गुण मिळवते. दर दोन हजार वेळा जाहिरात दिसली की एक ऑर्डर येते असं धरलं, तर २८० ची बोली म्हणजे हजार दर्शनांना १४० रुपये. सरासरी स्वस्त करू म्हणून दुकानदाराने २०० चा बिड कॅप टाकला, तर त्याची बोली हजाराला १०० वर येते. बाजार १४० ला चालला असेल, तर तो बहुतेक लिलाव हरतो. रोजच्या ४,००० पैकी जेमतेम तीनचारशे खर्च होतात. समजा आठवड्यात १२ ऑर्डर १९० च्या भावाने आल्या. भाव सुरेख, पण नफा १,६८० रुपये.

गळा आवळला गेला की दुसरंही दुखणं सुरू होतं. मेटाच्या सांगण्यानुसार एका ॲड सेटला स्थिरावायला आठवड्यात सुमारे ५० ऑर्डर लागतात. त्या येण्याची चिन्हं नसतील, तर पडद्यावर `Learning limited` असं दिसतं. अंदाज कच्चा राहिला की बोलीही कच्ची लागते. त्यात दुकानदार घाबरून रोज आकडा बदलतो, आणि मोठ्या बदलागणिक शिकणं पुन्हा पहिल्यापासून सुरू होतं. म्हणून कॉस्ट कॅप आधी प्रत्यक्ष सरासरीच्या थोडा वर, इथे ३०० च्या सुमाराला ठेवावा. आठवडाभर हात लावू नये, मग २८०, मग २६० असं उतरावं. प्रत्येक पायरीवर ऑर्डर गुणिले ३३० वजा खर्च एवढाच हिशेब करावा. तो आकडा घसरायला लागला की एक पायरी मागे यावं. ऑर्डर मुळातच थोड्या असतील, तर पाच ॲड सेटचा एक करणं कॅप सैल करण्यापेक्षा उपयोगी पडतं. काही जण ऑर्डरऐवजी ‘कार्टमध्ये टाकलं’ या कृतीवर जाहिरात चालवतात. तसं केलं तर कॅपही बदलायला हवा. चार कार्टांतून एक ऑर्डर होत असेल, तर छत ८२ रुपयांचं, ३३० चं नव्हे.

खर्च थांबला की दर वेळी कॅपच दोषी असतो असंही नाही. वेबसाइट मंदावली, किंवा पैसे भरायचं पान अडकू लागलं, तर ऑर्डरचा अंदाज खाली येतो आणि तोच ३३० चा कॅप हजार दर्शनांमागे कमी बोली लावू लागतो. दोन हजारांऐवजी तीन हजारांत एक ऑर्डर आली, तर १६५ ची बोली ११० वर येते. म्हणून आकडा वाढवण्याआधी क्लिकमागे किती ऑर्डर येतात ते पाहावं. तिथे घसरण असेल, तर कॅप वाढवणं म्हणजे बिघडलेल्या दुकानात महागडं गिऱ्हाईक आणणं.

दिवाळीच्या तोंडावर सगळेच बोली वाढवतात, जागा महागतात आणि खर्च आटतो. तेव्हा कॅप वाढवायचा मोह होतो. पण लोक खरंच जास्त खरेदी करत असतील, तर ऑर्डरचा अंदाज वाढतो आणि त्याच कॅपची बोली आपोआप चढते. तरीही खर्च होत नसेल, तर त्या जागा आपल्याला परवडणाऱ्या नाहीत, आणि कॅप त्याचं काम करतो आहे. ३३० बदलायचा तो नफा बदलला तरच. सणात जोडीऐवजी चार चादरींचा संच जाऊ लागला, तर हिशेब नव्याने मांडावा.

एक गोष्ट मात्र कॅप घालूनही आपल्या हातात येत नाही. अशा मोहिमेत पैसे सहसा दर्शनांचे जातात, ऑर्डरचे नव्हे. अंदाज चुकला, तर ३३० चा बिड कॅप असूनही एखाद्या आठवड्यात ऑर्डर ३६० ला पडू शकते. दोनचार आठवडे हेच चाललं, तर कॅप तेवढ्या प्रमाणात खाली आणावा. एकाच आठवड्यावरून नाही, कारण आज जाहिरात पाहिलेलं गिऱ्हाईक कधीकधी पगार झाल्यावर ऑर्डर देतं.