पुस्तिकेत अक्षर का आक्रसतं?

गणपतीच्या दिवसांत सोसायट्यांमधून आरत्यांच्या घरगुती पुस्तिका निघतात. कुणीतरी हौसेने सगळ्या आरत्या टाइप करतो आणि ए-फोर कागदाची मधोमध घडी घालून पुस्तिका होईल अशा बेताने प्रिंट काढतो. हातात येते ती पुस्तिका दिसायला छान, पण वाचताना आजी ती दिव्याजवळ नेतात. फाइलमध्ये अक्षर चांगलं 14 पॉइंटचं होतं, मग ते गेलं कुठे?

ते गणितात गेलं. ए-फोर कागद 210 × 297 मिलिमीटरचा, त्याची घडी म्हणजे ए-फाइव्ह, 148 × 210 चा. ए-फोरचं पान ए-फाइव्हमध्ये बसवायचं तर ते जवळजवळ 71 टक्के करावं लागतं. त्यामुळे 14 पॉइंटचं अक्षर 10 च्या खाली जातं आणि 12 चं साडेआठवर येतं. इंग्रजीत साडेआठ पॉइंट निभावून जातो. देवनागरीत शिरोरेषेवर मात्रा, अनुस्वार, रफार आणि खाली उकार, त्यामुळे मधल्या अक्षराला त्याच पॉइंटमध्ये कमी जागा मिळते. त्यातून प्रिंटरची शाई थोडी जास्त पसरली की अनुस्वार मात्रेला चिकटलाच.

या आक्रसण्यात मजकुराबरोबर समासही 71 टक्के होतो, हे सहसा कुणाच्या ध्यानात येत नाही. चारही बाजूंना एक इंच समास ठेवलेला असेल तर छोट्या पानावर तो 18 मिलिमीटर उरतो. तळहाताएवढ्या पुस्तिकेत वर, खाली आणि बाहेर इतका कोरा कागद कशाला हवा? अक्षराची जागा त्या कोऱ्या कागदाने अडवलेली असते.

म्हणून टाइप करण्याआधीच पानाचा आकार ए-फाइव्ह ठरवावा, म्हणजे छापताना काही लहान करावंच लागत नाही. समास असे धरू: घडीकडे 15 मिलिमीटर, बाहेर 10, वर 10, खाली 12. मजकुराला 123 × 188 मिलिमीटर जागा मिळते. 14 पॉइंट अक्षर आणि ओळींमध्ये 20 पॉइंट अंतर ठेवलं, तर पानावर 26 ओळी बसतात. ए-फोरवर याच मापात 34 ओळी बसत होत्या.

आता खर्च पाहू. समजा ए-फोरवर आरत्या 18 पानं सलग भरतात, म्हणजे 612 ओळी. घडीच्या पुस्तिकेत पानांची संख्या चारच्या पटीतच येते, त्यामुळे आक्रसलेल्या पुस्तिकेला 20 पानं, म्हणजे पाच कागद लागतात. त्यातली दोन पानं कोरीच राहतात. ए-फाइव्हवर त्याच 612 ओळी 24 पानांत मावतात, म्हणजे सहा कागद. प्रतीमागे एक कागद जास्त, आणि अक्षर पूर्ण 14 चं. हा सौदा इतका स्वस्त पडतो तो पद्यामुळे. आरतीची ओळ मुळातच आखूड असते, ए-फोरवर तिच्या उजवीकडे पान रिकामंच असतं आणि बहुतेक ओळी 12 सेंटिमीटरमध्ये बसतात. एखादी लांब ओळ मोडलीच, तर तिचा उरलेला तुकडा थोडा आत सरकवून लिहावा. गद्यात रुंदीही पुरेपूर वापरलेली असते, त्यामुळे तिथे 18 पानांची सुमारे 31 पानं होतात, म्हणजे आठ कागद.

घडीकडचा समास, ज्याला प्रेसमध्ये गटर म्हणतात, विषम पानावर डावीकडे आणि सम पानावर उजवीकडे असतो. साध्या फाइलमध्ये तो सगळ्या पानांना डावीकडेच दिलेला असतो. अशी फाइल पुस्तिका म्हणून छापली की सम पानांवर जास्तीची जागा बाहेरच्या कडेला जाते आणि मजकूर घडीत घुसतो. दोन पानं एका कागदावर मांडून झाल्यावर मग गटर दिलं, तर तेही फुकट जातं, कारण ते कागदाच्या कडेला पडतं, घडीपाशी नाही. वर्डमध्ये समासांच्या चौकटीत Multiple pages समोर Book fold निवडलं की हे सगळं आपोआप होतं. डावा-उजव्याच्या जागी Inside आणि Outside दिसू लागतं आणि ए-फोर कागदाचं पान अर्धं होतं. Gutter मध्ये वेगळा आकडा घातला तर तो Inside मध्ये मिळवला जातो, तेव्हा एकाच ठिकाणी आकडा द्यावा.

मधल्या घडीवर पिन मारणार असाल तर 15 मिलिमीटर पुरतात, कारण अशी पुस्तिका बऱ्यापैकी सपाट उघडते. कडेला पिन मारायची असेल तर पाच-सहा मिलिमीटर पिनच खाते आणि पान पुढे उघडतही नाही, तिथे 20 च्या खाली जाऊ नये.

छापताना 24 पानांच्या पुस्तिकेत पहिल्या कागदावर एका बाजूला 24 आणि 1, पाठीमागे 2 आणि 23 येतात. शेजारच्या दोन आकड्यांची बेरीज नेहमी 25. ही जुळणी संगणक करतो, तरी सहा कोरे कागद एकात एक घालून, घडी घालून, पेन्सिलीने आकडे लिहून डमी करावी. प्रिंट हातात आल्यावर ती डमीशी ताडून पाहिली की चूक लगेच दिसते. पाठपोट छपाईसाठी Flip on short edge निवडावं. दुसरा पर्याय राहिला तर पाठची पानं उलटी येतात.

इतकं केल्यावरही अक्षर चोरून लहान होऊ शकतं. प्रिंटरला कागदाच्या अगदी कडेवर छापता येत नाही, म्हणून Fit सारखा पर्याय चालू असला की तो अख्खं पान दोन-चार टक्क्यांनी आत ओढतो. पीडीएफ वाचकातली Booklet ची सोयही पानं आपल्या हिशेबाने बसवते. शंभर मिलिमीटरची एक रेघ एका पानावर आखून ठेवावी, एकच कागद छापावा आणि पट्टीने मोजावी. 96 भरली तर सेटिंग बदलायचं.

मूळ फाइल हाताशी नसेल, ए-फोरची पीडीएफच असेल, तर आधी समास कापून मग पान लहान करतात. एक इंच समासाच्या पानावर मजकूर 159 × 246 मिलिमीटर असतो. तेवढाच घेतला तर तो 76 टक्क्यांवर आपल्या 123 × 188 मध्ये बसतो आणि 14 चं अक्षर साडेदहाच्या आसपास राहतं. फायदा आहे, पण पाऊण पॉइंटाचा. आरत्यांना तर ओळींची आखूड रुंदीही इथे कामी येत नाही, कारण पान उंचीत अडतं. कापताना सगळ्या पानांना एकच माप लावावं. काही प्रोग्राम प्रत्येक पानाचा मजकूर शोधून वेगवेगळं कापतात, मग चार ओळींचं शेवटचं पान फुगून मोठं येतं. खाली पानांचे आकडे असतील तर तेही मापात धरावे, नाहीतर पुस्तिकेत आकडेच नसतात.