१८० जीएसएम आणि धाग्याची जात

टी-शर्टच्या लेबलवर ‘१८० जीएसएम’ असे छापलेले असते, त्याचा अर्थ एवढाच, की त्या कापडाचा एक चौरस मीटर तुकडा १८० ग्रॅम भरतो. कारखान्यात हे मोजायला गोल पात्यांचे कटर असते. ते कापडावर दाबून फिरवले, की बरोबर १०० चौरस सेंटीमीटरची चकती निघते. चकतीचे वजन १.८ ग्रॅम भरले तर त्याला १०० ने गुणायचे, म्हणजे १८०. साध्या कॉटन टी-शर्टचे कापड बहुधा १४० ते २४० च्या दरम्यान असते. १४०-१५० चे पातळ, उन्हाळ्यात बरे वाटणारे. १८० चे मध्यम. २२० च्या पुढचे जाडजूड, आणि पावसाळ्यात दोन-दोन दिवस न वाळणारे.

हा आकडा घरीही पडताळता येतो. टी-शर्ट जमिनीवर पसरून मापे घ्यावीत. छातीची रुंदी ५२ सेंटीमीटर आणि उंची ७० असली, तर पुढची-मागची बाजू मिळून ७,२८० चौरस सेंटीमीटर होते. दोन्ही बाह्यांचे दुहेरी कापड साधारण १,६०० धरावे. गळ्याचा आणि खांद्यापाशी कापला गेलेला भाग म्हणून ४५० वजा करावे. खालची आणि बाह्यांची दुमड व कॉलरची पट्टी यांचे मिळून ५०० च्या आसपास मिळवावे. बेरीज सुमारे ८,९०० म्हणजे ०.८९ चौरस मीटर येते. स्वयंपाकघरातल्या काट्यावर तो टी-शर्ट १६० ग्रॅम भरला, तर १६० भागिले ०.८९, म्हणजे १८०. लेबल खरे बोलते आहे. तेच वजन १३५ ग्रॅम निघाले तर कापड दीडशेच्या घरातले आहे. या हिशेबात पाच-दहा ग्रॅमची चूक सहज होते, तेव्हा १७५ आणि १८० वरून भांडण्यात अर्थ नाही.

वजन टी-शर्ट धुण्यापूर्वी केले की नंतर, हेही पाहावे लागते. धुतल्यावर कापड लांबीत आणि रुंदीत पाच-पाच टक्के आटले, तर क्षेत्रफळ जवळपास दहा टक्क्यांनी घटते आणि १८० चे कापड २०० च्या जवळ पोहोचते. त्यात एक तारही नवी आलेली नसते. तेच सूत कमी जागेत दाटलेले असते. शिवाय कापूस हवेतला ओलावा धरतो. प्रयोगशाळेत २० अंश तापमान आणि ६५ टक्के आर्द्रता ठेवून कापड मोजतात ते यासाठीच. मुंबईच्या जुलैत तोच टी-शर्ट थोडा जड भरेल.

तरीही वजन म्हणजे नुसती शिल्लक आहे. ती किती सावकाश खर्च होईल, हे धाग्यावर ठरते. टी-शर्टचे कापड विणताना एकात एक फासे अडकवलेले असतात. मग १८० ग्रॅम दोन प्रकारे भरता येतात: जाड सुताचे फासे सैल ठेवून, किंवा बारीक सुताचे फासे दाट ठेवून. सुताची बारकाई काउंटवरून कळते. आकडा जितका मोठा, तितके सूत बारीक. ३० काउंटचे एक किलोमीटर सूत जेमतेम २० ग्रॅम भरते. म्हणजे त्या सुताच्या १६० ग्रॅमच्या टी-शर्टमध्ये आठ किलोमीटर धागा असतो. याच सुताचे साधे कापड बहुधा १५० च्या आसपास जाते, आणि १८० साठी २४ काउंट वापरतात. सैल विणीचे कापड उजेडापुढे धरले, की फाशांमधली फट दिसते. ते ओढले तर परत जागेवर यायला वेळ लावते आणि धुतल्यावर बेढब होते.

काउंट सारखा असूनही दोन सुते सारखी टिकत नाहीत, कारण त्यांतल्या तंतूंची लांबी वेगळी असते. कापूस पिंजून सरळ केला, की त्याचा पेळू होतो. तो तसाच कातला तर सूत कार्डेड. त्यात लांब तंतूंबरोबर आखूड तंतूही असतात. पेळू बारीक दातांच्या फणीतून विंचरून आखूड तंतू काढून टाकले, की सूत कोम्ब्ड होते. या विंचरण्यात कापसाचा सातवा-आठवा हिस्सा सहज गळतो, म्हणून कोम्ब्ड सूत महाग पडते. फायदा मात्र सरळ आहे. सूत धरून राहते ते पिळामुळे, आणि लांब तंतूला पीळ जास्त जागी आवळतो. आखूड तंतूचे टोक लवकर बाहेर येते.

अशी टोके काखेत, बॅगेच्या पट्ट्याखाली, पट्ट्याच्या बकलापाशी घासली जातात, एकमेकांत गुंततात आणि त्यांचे गोळे होतात. पॉलिएस्टर मिसळलेल्या कापडावर हे गोळे चिकटून राहतात, कारण तो तंतू चिवट असतो. शुद्ध कॉटनचे गोळे काही धुण्यांनंतर गळून पडतात. ते पाहून कापड स्वच्छ झाले असे वाटते, पण प्रत्येक गोळ्याबरोबर थोडे सूत गेलेले असते. कापड विरते ते असे. दोन-तीन धुण्यांनंतर आटणे थांबले, की टी-शर्ट तोलून आकडा लिहून ठेवावा आणि वर्षभराने तसाच कोरडा पुन्हा तोलावा. जितके ग्रॅम घटले, तितके कापड झिजले.

कातण्याची पद्धत हा दुसरा भाग. रिंग फ्रेमवर तंतू ताणून समांतर केले जातात आणि पीळ अगदी गाभ्यापर्यंत बसतो. ओपन एंड पद्धतीत सुटे तंतू हवेच्या झोताने वेगात फिरणाऱ्या वाटीत पडतात आणि तिथेच सुताला जोडले जातात. काम कितीतरी वेगाने होते, सूत स्वस्त पडते. पण काही तंतू गाभ्यात न शिरता बाहेरून कमरपट्ट्यासारखे गुंडाळले जातात, त्यामुळे ते रिंगच्या सुतापेक्षा कमजोर आणि हाताला खरबरीत असते. त्याच्यावर फुगा कमी, हा गुण मान्य करायला हवा. फरक घरी कळतो. आतल्या शिवणीपाशी सुटलेला धागा घेऊन उलटा पीळ द्यावा. रिंगचा धागा उलगडून तंतू मोकळे होतात. ओपन एंडचा जागोजागी त्या गुंडाळ्यांनी अडतो. भिंग असेल तर त्या गुंडाळ्या दिसतातही.

दुकानातल्या मऊपणावर मात्र विसंबू नये. ‘बायो-वॉश’मध्ये एन्झाइम कापडावरचे तंतू खाऊन टाकते, आणि वरून दिलेले सिलिकॉन काही धुण्यांत उतरते. बायो-वॉश बेताचा असेल तर गोळे खरोखर कमी होतात. तो लांबला, तर कापडाची ताकदही जाते. कार्डेड सुताचे दोष झाकायला तो सर्रास वापरला जातो.

दोन गोष्टी जीएसएम आणि सूत मिळूनही सांगत नाहीत. धुतल्यावर बाजूची शिवण पोटाकडे फिरते, ती सुतातला पीळ सैल व्हायला बघतो म्हणून. फिनिशिंग नीट नसेल तर चांगल्या कोम्ब्ड कापडातही हे घडते. आणि कॉलरची पट्टी बहुधा वेगळ्या रिब कापडाची असते. तिच्यात थोडे लायक्रा नसेल, तर अंगाचे कापड धड असतानाच गळा लोंबू लागतो. म्हणून खरेदीच्या वेळी कॉलर दोन बोटांनी ताणून सोडावी आणि ती झटकन मिटते का, ते पाहावे.