मराठीत पुढे, गणितात मागे : एका कोष्टकाची गोष्ट

‘भाषेत हुशार मुलांना गणित जमत नाही’ हे वाक्य शिक्षकांच्या खोलीत मी तीस वर्षं ऐकलं आणि अनेकदा स्वतःही उच्चारलं. निवृत्तीच्या आदल्या वर्षी नववीतल्या एका मुलीच्या आईंनी मला विचारलं, “सर, हिचं मराठी इतकं चांगलं आहे, म्हणूनच गणित कच्चं राहिलं का?” त्या प्रश्नात मला माझंच वाक्य ऐकू आलं. उत्तर देण्याआधी मोजून पाहायचं ठरवलं.

मराठीची आणि गणिताची वेगवेगळी गुणयादी यासाठी उपयोगाची नसते. एकाच विद्यार्थ्याचे दोन्ही गुण शेजारी असावे लागतात. मी प्रत्येक विषयात तीन गट केले : ६० आणि त्याहून अधिक गुणांचा वरचा, ३५ ते ५९ चा मधला आणि ३५ च्या आतला खालचा. मग नऊ घरांचं कोष्टक आखलं आणि प्रत्येक विद्यार्थ्यासाठी त्याच्या घरात एक रेघ मारली. संख्याशास्त्रज्ञ कार्ल पिअर्सन यांनी १९०४ साली अशा कोष्टकांचा सिद्धान्त मांडला, पण कोष्टक भरायला कागद-पेन्सिल पुरते.

पहिल्या मोजणीत ‘मराठीत वर, गणितात खाली’ या घरात १४ रेघा आल्या. त्यांतल्या दोघांचं गणित शून्य होतं. हजेरी पाहिली, तर ते दोघं त्या पेपरला गैरहजर होते. गैरहजेरीचं शून्य आणि न आल्याचं शून्य गुणपत्रकात सारखंच दिसतं. एखाद्या पेपरला गैरहजर असलेले सगळे वगळल्यावर १२० मुलं उरली :

| मराठी \ गणित | वर | मध्य | खाली | एकूण |
|---|---|---|---|---|
| वर | २६ | २२ | १२ | ६० |
| मध्य | ९ | १९ | १७ | ४५ |
| खाली | १ | ४ | १० | १५ |
| एकूण | ३६ | ४५ | ३९ | १२० |

मराठीत वर आणि गणितात खाली १२ जण. उलट बाजूला मात्र एकच. सहकारी म्हणाले, “बघा, आम्ही म्हणत होतो!” पण १२ हा आकडा मोठा की लहान, हे तो एकटा सांगत नाही. दोन विषयांचा एकमेकांशी काहीच संबंध नसता, तर या घरात किती मुलं आली असती? ओळीची बेरीज गुणिले स्तंभाची बेरीज, भागिले एकूण : ६० गुणिले ३९ भागिले १२०, म्हणजे १९.५. प्रत्यक्षात आली १२. उलट घरात ४.५ अपेक्षित होती, आली १. मराठीत पुढे असलेली मुलं गणितात मागे पडण्याचं प्रमाण योगायोगापेक्षाही कमी होतं. आमचं वाक्य उलटं निघालं.

मग १२ आणि १ एवढा फरक का? गणिताच्या पेपरात ३९ मुलं पस्तिशीच्या आत राहिली, मराठीच्या पेपरात फक्त १५. एकच रेषा दोन वेगळ्या पेपरांवर ओढल्याचा हा परिणाम. म्हणून गुणांऐवजी क्रम घेतला : प्रत्येक विषयातले पहिले ४० आणि शेवटचे ४०. आता एका बाजूला ७ आणि दुसऱ्या बाजूला ६ मुलं आली. फरक जवळजवळ नाहीसा झाला.

पुन्हा त्या बारा जणांकडे वळलो. पाच जण रेषेपासून तीन गुणांच्या आत होते. कुणाला गणितात ३३, कुणाला मराठीत ६१. एखादं उदाहरण सुटलं असतं किंवा निबंधाला दोन गुण कमी मिळाले असते, तर ते या घरात आलेच नसते. ठामपणे बोलता येईल असे उरले सात.

एवढ्या लहान आकड्यावरून कुठलाही नियम काढता येत नाही. एका वर्षाच्या एका पेपरावरून तर नाहीच. पण कोणाच्या उत्तरपत्रिका काढून वाचायच्या, हे मात्र त्यावरून कळतं. सातांपैकी चौघांनी शाब्दिक उदाहरणांची मांडणी बरोबर केली होती. समीकरणही अचूक होतं. पुढे अपूर्णांकांचा छेद काढताना आणि ऋण चिन्ह बाजू बदलताना ती चुकली होती. प्रश्न त्यांना समजला होता. सहावी-सातवीतलं काहीतरी मागे राहून गेलं होतं.

त्या आईंची मुलगी या चौघांतलीच. त्यांना मी सांगितलं, “हिचं गणित मराठीमुळे राहिलेलं नाही, अपूर्णांकांमुळे राहिलं आहे. आणि ते आमच्या लक्षात आलं नाही.” दुसऱ्या दिवसापासून मधल्या सुट्टीत ती चौघं माझ्याकडे सातवीचं पुस्तक घेऊन बसू लागली.