जुनं मेण, नवा भाव

मागच्या वेळी मेणबत्तीचा साचा कसा भरायचा ते आपण बोललो. आज बोलायचं ते तिच्या किमतीबद्दल. कारण दिवाळीच्या तोंडावर आमच्या रिद्धपूरच्या गटाने दोनशे मेणबत्त्या विकल्या, पैसे रोख मिळाले, आणि हिशेब केला तेव्हा नफा निघाला दोन रुपये. एका नगामागे दोन रुपये नव्हे, दोनशे नगांवर मिळून दोन रुपये!

हे कसं झालं ते सांगतो. आकडे आमच्या वहीतले आहेत. तुमच्या बाजारात भाव वेगळा असेल, पण रीत तीच राहील.

आम्ही शंभर ग्रॅमची वासाची मेणबत्ती करतो. एका घाण्याला नऊ किलो पॅराफिन मेण, मेणबत्ती टणक व्हावी आणि साच्यातून सहज सुटावी म्हणून एक किलो स्टिअरिक ॲसिड, आणि चारशे ग्रॅम सुगंधी तेल लागतं. पहिल्या घाण्याच्या वेळी मेण हमाली आणि गाडीभाड्यासकट १३० रुपये किलो पडलं, म्हणजे ११७० रुपये. स्टिअरिकचे १५०. सुगंधी तेल १५०० रुपये किलोचं, त्याचे ६००. वातीचं सूत पंधरा मीटर, तीन रुपये मीटरने ४५. एकूण माल १९६५ रुपयांचा.

आता या आकड्यांकडे जरा थांबून पहा. गटातल्या बाया बाजारात भांडतात त्या मेणाच्या भावासाठी. पण सुगंधी तेल वजनाला चारशे ग्रॅम असून मालाच्या खर्चातला जवळजवळ तिसरा हिस्सा तेच खातं. ते मापाच्या भांड्याने अंदाजे ओतलं आणि पन्नास ग्रॅम जास्त पडलं, तर ७५ रुपये गेले. वर मेणाने ते धरून ठेवलं नाही तर मेणबत्तीला घाम फुटल्यासारखे तेलाचे थेंब येतात. म्हणून तेल मिलिलिटरने नाही, वजनकाट्यावर ग्रॅमने घ्या. लिटरभर तेल किलोभर भरेलच असं नसतं, त्यामुळे बिलावर भाव किलोचा आहे की लिटरचा तेही पाहून घ्या.

याच्या उलट गोष्ट वातीची. संपूर्ण घाण्याला ४५ रुपये, म्हणजे नगाला पन्नास पैशांच्याही आत. इथे काटकसर करून हाती काहीच लागत नाही. वात बारीक पडली तर मधोमध खड्डा होतो, कडेचं मेण तसंच राहतं आणि ज्योत त्या खड्ड्यात बुडून विझते. जाड पडली तर ज्योत उंच होते, काजळी धरते, मेण ओघळतं. दोन्ही वेळेला गिऱ्हाईक परत येत नाही. नवीन सूत आणलं की एक मेणबत्ती करून शेवटपर्यंत जाळून पहायची, मगच घाणा लावायचा.

शंभर ग्रॅमचे शंभर नग निघतात. चारशे ग्रॅमच्या आसपास मेण पातेल्याला आणि साच्याला चिकटून जातं. शंभरातले चारेक नग तडकतात किंवा त्यांना बुडबुडे पडतात. ते वितळवून साध्या मेणबत्तीत जातात, पण त्यातला वास आणि आपली मेहनत परत येत नाही. म्हणून आम्ही भागाकार ९६ ने करतो, १०० ने नाही. मालात गॅसचे ६०, नगामागे तीन रुपये पॅकिंगचे २८८, आणि दोघीजणींचे मिळून दहा तास, चाळीस रुपये तासाने ४०० मिळवले, की एकूण झाले २७१३. त्याला ९६ ने भागलं की एक मेणबत्ती २८ रुपये २६ पैशांना पडली. (मजुरी धरायला आधी आमच्याच बाया तयार नव्हत्या. “घरचंच काम आहे ना बाई!” म्हणत. वावरात निंदायला गेल्यावर घरचं म्हणता का, असं विचारलं तेव्हा मानल्या.)

अमरावतीच्या एका दुकानदाराने दोनशे नगांची ऑर्डर दिली. आम्ही ३२ रुपये भाव सांगितला. नगामागे पावणेचार रुपये सुटत होते, खूश होतो. पण घरात मेण थोडंच शिल्लक होतं. पॅराफिन निघतं खनिज तेलातून, त्याचा भाव त्या तेलाबरोबर वरखाली होतो. नवीन पोतं आणायला गेलो तर किलोला १५२ रुपये. सुगंधी तेलही १९०० वर गेलेलं. तोच घाणा आता ३०७१ रुपयांचा झाला, म्हणजे नग ३१ रुपये ९९ पैशांना. विकायचा होता ३२ ला. राहिला एक पैसा.

तेव्हा आमच्यात वाद झाला तो असा. एक काकू म्हणाल्या, “जुनं मेण वीस किलो हाय अजून, त्याले तर १३० च पडले, मग भाव कायले वाढवाचा?” बोलणं पटण्यासारखं होतं, आणि घोटाळा नेमका इथेच आहे. हिशेब दोन असतात आणि ते आपण एकच समजतो.

एक हिशेब वहीचा: गटाला खरोखर किती सुटले? त्यासाठी मेण ज्या भावाने आणलं तोच भाव धरायचा. जुनं वीस किलो १३० चं म्हणजे २६०० रुपये, नवीन तीस किलो १५२ चं म्हणजे ४५६० रुपये. पन्नास किलोचे ७१६० झाले, म्हणजे सरासरी १४३ रुपये २० पैसे किलो. दोन्ही मेण एकाच डब्यात मिसळणार असेल तर वहीत हाच भाव लिहायचा.

दुसरा हिशेब गिऱ्हाइकाला सांगायच्या भावाचा. तिथे सरासरी नाही आणि जुना भाव तर मुळीच नाही, तिथे आजचा भाव. कारण मेणबत्ती विकून आलेल्या पैशातून पुढचं मेण आणायचं आहे, आणि ते १५२ नेच मिळणार. जुन्या भावावर किंमत ठरवून विकत गेलं तर दर घाण्याला मेणाचं पोतं थोडं थोडं लहान होतं. वहीत नफा दिसतो आणि बँकेच्या कर्जातलं भांडवल हळूच आटतं.

भाव उतरला तर काय, असं विचाराल. तेव्हा वहीत महागाचं मेण दिसतं आणि बाजारात स्वस्ताच्या मेणबत्त्या येतात. त्या वेळी आपल्यालाही थोडं खाली यावं लागतं. म्हणूनच चढत्या भावात पोती भरून ठेवण्याचा मोह आम्ही धरत नाही, दोन-तीन घाण्यांपुरतंच मेण घेतो.

पण दर घाण्याला किंमत बदलली तर दुकानदार कंटाळेल. म्हणून आम्ही असं ठरवलं: आजच्या भावाने नगाचा खर्च काढायचा, त्यावर पंधरा टक्के धरायचे. ३२ वर पंधरा टक्के म्हणजे ४ रुपये ८० पैसे, तेव्हा दुकानदाराला भाव ३७. खर्च दोन रुपयांच्या आत हलला तर किंमत तीच ठेवायची, चढ-उतार त्या पंधरा टक्क्यांत झेलायचा. दोनच्या पलीकडे गेला तर नवीन भाव सांगायचा. स्टॉलवर ४५ ला विकतो, पण त्यातून बसभाडं, टेबलाचं भाडं आणि बसणारीचा दिवस निघतो, हे आठ रुपये निव्वळ नफा नव्हेत.

ऑर्डरच्या कागदावर आता एक ओळ लिहितो, ‘हा भाव १५ दिवसांसाठी’. आणि निम्मी रक्कम आगाऊ घेऊन त्याच दिवशी मेण आणि तेल घेतो, म्हणजे भाव ठरला तोच माल हातात येतो. दुकानदाराला ३७ जड वाटले तर नव्वद ग्रॅमची मेणबत्ती कमी भावात देता येते, मात्र पाकिटावर नव्वदच छापायचं. वजन गुपचूप कमी करायचं नाही, ती लवकर विझल्यावर कळतंच. आणि दहा ग्रॅम मेण-तेलाचे फार तर अडीच रुपये वाचतात. वात, पॅकिंग आणि मजुरी तेवढीच लागते, म्हणून भाव दोन रुपयांपेक्षा जास्त उतरवू नका.

ज्या रिद्धपुरात म्हाइंभटांनी एकेक लीळा विचारून लिहून ठेवली, तिथे आम्ही मेणाचं पोतं कोणत्या तारखेला काय भावाने आणलं तेसुद्धा लिहून ठेवत नव्हतो. आता पोत्यावरच खडूने तारीख आणि भाव लिहितो, आणि घाणा लावणारी बाई तो आधी वहीत उतरवते. त्या दुकानदाराला पुढच्या ऑर्डरला ३७ सांगितले. तो छत्तीसवर अडला. आम्ही हिशेब पाहिला, चार रुपये सुटत होते, दिले.